पत्रिकेत मंगळ निघालाय? नकार द्यायच्या आधी एवढं तपासा

आमच्या धाकटीसाठी दोन वर्षं स्थळं बघितली. त्यात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य म्हणजे "मुलगी छान आहे हो, पण मंगळ आहे ना". मी ज्योतिषी नाही. आमचे एक काका पत्रिका बघतात, त्यांच्या शेजारी बसून बसून आणि पंचांग उघडून उघडून जे कळलं ते लिहितोय. ज्यांच्या घरी आत्ता पहिल्यांदाच हा विषय निघालाय आणि ॲपने लाल अक्षरात काहीतरी भयंकर दाखवलंय त्यांच्यासाठी हे आहे.

आधी वेळ पक्की करा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मंगळ दोष मुख्यतः लग्नावरून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत होती तिच्यावरून मोजतात, आणि ही रास साधारण दोन तासांनी बदलते. मंगळ मात्र एका राशीत दीड महिना बसतो, वक्री झाला तर कित्येक महिने. थोडक्यात मंगळ जागचा हलत नाही, घड्याळ हलतं. त्यामुळे आईला आठवतंय म्हणून "पहाटे कधीतरी" असं चालत नाही, हॉस्पिटलचा कागद शोधा, नाहीतर बाळंतपणाला जी आत्या किंवा मावशी होती तिला विचारा.

दुसरा घोळ रात्रीच्या जन्माचा. आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजायची सवय, त्यामुळे घरचे "बुधवारी रात्री दोन वाजता" म्हणतात आणि ॲपमध्ये बुधवारची तारीख टाकली जाते, खरं तर कॅलेंडरने तेव्हा गुरुवार लागलेला असतो. अख्खा एक दिवस चुकतो. यात मंगळ फारसा हलत नाही, पण चंद्र हलतो, नक्षत्र बदलतं आणि गुणांची बेरीज सगळीच वेगळी येते. जन्म परदेशात झाला असेल तर तिथला उन्हाळ्यातला एक तास पुढे केलेला वेळ होता का तेही बघा.

मंगळ कुठे आहे ते स्वतः बघा

आपल्याकडची कुंडली म्हणजे तो चौकोन, आत फुली आणि मधे चार मोठे चौकट-बदामातले चौकट. वरचा मधला चौकट म्हणजे पहिलं स्थान, लग्न. तिथून डावीकडे म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. डावीकडचा मोठा चौकट चौथं स्थान, खालचा सातवं, त्याच्या उजवीकडचा त्रिकोण आठवं आणि वरचा उजवा त्रिकोण बारावं.

इथे नवशिके हमखास फसतात, मीही फसलो होतो. घरात जो आकडा लिहिलेला असतो तो स्थानाचा नसतो, राशीचा असतो. 1 मेष, 2 वृषभ, 4 कर्क, 9 धनु असं. मी पहिल्यांदा "4" आकड्यापाशी "मं" बघून चौथ्यात मंगळ म्हणून मोकळा झालो आणि काकांनी चष्म्यावरून असं बघितलं की विचारू नका.

आता नियम. लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे, ही ओळ सगळे म्हणतात. लग्न म्हणजे पहिलं, व्यय बारावं, पाताळ चौथं, जामित्र सातवं, आणि आठवं. या पाचपैकी कुठेही मंगळ असला की पत्रिका मंगळाची. दक्षिणेत पहिल्याऐवजी दुसरं स्थान धरायची पद्धत आहे, म्हणून बेळगावपलीकडचं किंवा हैदराबादचं स्थळ असेल तर तिकडचे भटजी वेगळं सांगू शकतात, त्यात कुणी खोटं बोलत नसतं.

जरा हिशोब करा, बारातली पाच स्थानं म्हणजे जवळजवळ 42 टक्के लोक मंगळाचे! बरं, काही जण लग्नावरून मोजून थांबत नाहीत, चंद्रावरूनही मोजतात आणि शुक्रावरूनही. तिन्हीकडून मोजलं तर एकाही बाजूने मंगळ नसलेला माणूस पाचात एखादाच उरतो. हे गणित कुणी सांगत नाही, पण ॲप "अति मंगळ" वगैरे दाखवतं तेव्हा ते बऱ्याचदा हेच तिन्हीकडून मोजत असतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की मंगळ कशावरून? लग्नावरून असेल तर पुढे बघू, फक्त शुक्रावरून असेल तर आमचे काका पान उलटतात.

एक पत्रिका घेऊन बघू

नुसते नियम वाचून काही कळत नाही म्हणून एक तारीख घेऊ, कुणा ओळखीच्याची नाही, फक्त आकाश बघायला सोयीची आहे म्हणून. 16 मार्च 1995, पुणे, मध्यरात्रीनंतर 2 वाजता. तुम्हीही कुठल्याही ॲपमध्ये टाकून बघा.

तेव्हा मंगळ कर्केत होता, वक्री, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत तिथेच मुक्काम ठोकून होता. रात्री दोनला धनु लग्न. धनुपासून मोजा, धनु एक, मकर दोन, कुंभ तीन, मीन चार, मेष पाच, वृषभ सहा, मिथुन सात, कर्क आठ. आठव्यात मंगळ. अष्टमातला मंगळ म्हणजे लोकांच्या मते सगळ्यात वाईट, कारण आठवं स्थान आयुष्याचं आणि बाईच्या पत्रिकेत सौभाग्याचं धरतात.

आता चंद्र. तो सिंहेत, सिंहेपासून कर्क बारावी, म्हणजे चंद्रावरूनही मंगळ. शुक्र मकरेत, मकरेपासून कर्क सातवी, म्हणजे शुक्रावरूनही मंगळ. तिन्हीकडून! वर कर्क ही मंगळाची नीच रास. अशी पत्रिका ॲपमध्ये टाकली की घरातल्यांचे चेहरे पडणार हे नक्की.

पण वेळ जरा मागे घ्या. त्याच रात्री एक वाजता वृश्चिक लग्न होतं, वृश्चिकेपासून कर्क नववी, लग्नावरून मंगळ नाहीच. सव्वातीनच्या पुढे मकर लग्न, तिथून सातव्यात मंगळ, परत आहे. पाचनंतर कुंभ लागलं की मंगळ सहाव्यात, नाही. म्हणजे त्या दिवशी एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच वॉर्डात जन्मलेल्या बाळांपैकी काही मंगळाची, काही नाहीत, आणि नर्सने घड्याळ कधी बघितलं यावर ते ठरणार. वेळ पक्की करा म्हणून मी डोकं का खात होतो ते आता कळलं असेल.

आता अपवाद, म्हणजे खरा विषय

ज्यांनी दोषाचा श्लोक केला त्यांनीच अपवादाचेही केलेत, पण दोषाचा सगळ्यांना पाठ आणि अपवादाचे कुणालाच नाहीत, हे आपल्याकडचं दुखणं. त्यातला मुख्य असा, अजे लग्ने व्यये चापे पाताले वृश्चिके कुजे, द्यूने मृगे कर्किचाष्टौ भौमदोषो न विद्यते. सोप्या भाषेत, मेषेचा मंगळ लग्नात, धनूचा बाराव्यात, वृश्चिकेचा चौथ्यात, मकरेचा सातव्यात आणि कर्केचा आठव्यात असला तर दोष नाही.

शेवटचं परत वाचा. कर्केचा आठव्यात. आपली वरची पत्रिका तीच आहे की! तिन्हीकडून मंगळ, नीच मंगळ, अष्टमात मंगळ, आणि श्लोक म्हणतो दोषच नाही.

यातल्या बहुतेकांमागे तर्क दिसतो. मेष आणि वृश्चिक मंगळाच्या स्वतःच्या राशी, मकर उच्चीची, आणि माणूस आपल्या घरात भांडत नाही तसा मंगळही स्वगृही त्रास देत नाही असं धरतात. कर्केच्या नीच मंगळाचं कारण वेगळं सांगतात, की त्याच्यात जोरच उरत नाही. मला हे जरा गमतीचं वाटतं, उच्चीचा असला तरी दोष नाही आणि नीच असला तरी नाही, पण असो, नियम असा आहे.

दुसरा मोठा अपवाद गुरूचा. मंगळाबरोबर गुरू असेल किंवा गुरूची त्याच्यावर दृष्टी असेल तर दोष सौम्य होतो किंवा जातो. गुरू ज्या राशीत बसलाय तिथून पाचव्या, सातव्या आणि नवव्या राशीवर त्याची नजर असते. आपल्या उदाहरणात गुरू वृश्चिकेत आहे, वृश्चिकेपासून मोजलं की नववी रास कर्क येते, म्हणजे गुरू थेट मंगळाकडे बघतोय. झालं, दुसरा अपवादही लागू. आणि गंमत म्हणजे ही दृष्टी राशीवरून आहे, लग्नावरून नाही, त्यामुळे त्या दिवशी मकर, मेष, कर्क नाहीतर सिंह लग्नावर जन्मलेल्या मंगळाच्या बाळांनाही ती मिळते.

तिसरा अपवाद दोघांच्या पत्रिका शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. दोघांनाही मंगळ असला तर दोष जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचं माहीत नसतं. एकाला मंगळ असेल आणि दुसऱ्याच्या पत्रिकेत त्याच पाच स्थानांपैकी कुठे शनि किंवा दुसरा पापग्रह, म्हणजे राहू, केतू, रवी, असेल तरीही दोष कटतो असं मानतात. त्यामुळे "आमच्या मुलाला मंगळ नाही" असं म्हणून जे लगेच फोन ठेवतात त्यांनी मुलाच्या सातव्यात शनि बसलाय का ते बघितलेलंच नसतं. आमच्या धाकटीच्या बाबतीत अगदी हेच झालं. एका ठिकाणाहून मंगळामुळे नकार आला, काकांनी त्या मुलाची पत्रिका बायोडाटाबरोबर आलेली होती ती उघडली, तर लग्नातच शनि. काका म्हणाले, "हे तर जुळतंय की रे." पण तोवर फोन ठेवला गेला होता, आणि आपणहून परत फोन करून तुमच्या मुलाला शनि आहे असं सांगणं बरं दिसत नाही.

याशिवाय राशीमैत्री असेल, गण एक असेल किंवा गुण भरपूर जुळत असतील तरी मंगळ धरू नये असंही एक वचन आहे. इथे एक लक्षात घ्या, 36 गुणांच्या मेलनात मंगळ येतच नाही, ते आठही कूट चंद्राच्या नक्षत्र-राशीवरून काढतात. म्हणून 30 गुण जुळूनही मंगळ आहे असं होऊ शकतं आणि लोक गोंधळतात, की ॲप बिघडलंय का. नाही बिघडलेलं, ते दोन वेगळे हिशोब आहेत.

आणि ते 28 वर्षांचं. वय 28 झालं की मंगळ जातो असं सर्रास सांगतात. वरच्या श्लोकांत वयाचा काही संबंध नाही, ही मागून चिकटलेली समजूत आहे. पण फायद्याची आहे, कारण आता तिशीच्या आसपासच लग्नं ठरतात आणि समोरचे आजोबा हे मानत असले तर तुमचं काम आपोआप होतं, उगाच दुरुस्त करायला जाऊ नका.

ज्योतिषाकडे जाताना

एकाकडेच जा. दोन्ही घरांना मान्य असेल असा एक माणूस ठरवा आणि त्याच्याकडे दोन्ही पत्रिका एकदम द्या. पाच जणांकडे गेलात तर तीन उत्तरं येणार, मग ज्याला जे हवंय तो ते उत्तर घेणार आणि भांडण घरात.

विचारताना "मंगळ आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर निम्म्या वेळा हो असंच येणार. विचारा, कितव्या स्थानात आहे, कोणत्या राशीत आहे, गुरूची दृष्टी आहे का, आणि समोरच्या पत्रिकेत त्याला तोडीस तोड काय आहे. हे चार प्रश्न विचारले की माणूस नीट बसून बघतो, कारण त्याला कळतं समोरच्याला थोडंफार कळतंय. जो चारही प्रश्न टाळून थेट शांतीच्या खर्चावर येतो तिथून चहा पिऊन उठायचं. आम्हाला एकाने पत्रिका नीट उघडायच्या आधीच कुंभविवाहाचा आकडा सांगितला होता, त्यात पूजासाहित्य वेगळं.

कुंभविवाह म्हणजे मुलीचं आधी कलशाशी किंवा विष्णूच्या मूर्तीशी लग्न लावायचं, म्हणजे वैधव्याचं जे काही असेल ते तिथेच संपलं असं धरायचं. मुलासाठी रुईच्या झाडाशी लावतात, तो अर्कविवाह. माझं मत विचाराल तर मुलीला लग्नाच्या आधी असं बसवणं मला पटत नाही, तिच्या डोक्यात आयुष्यभर एक किडा राहतो की माझ्यात काहीतरी खोट होती. ज्यांना काहीतरी करायचंच आहे त्यांनी अमळनेरला मंगळग्रह मंदिरात जाऊन यावं, दर्शन होतं, आईच्या मनाला बरं वाटतं आणि मुलीला कुणी कलशापुढे बसवत नाही.

मग किती मनावर घ्यायचं

खरं सांगू का, मी हे जितकं शिकलो तितका माझा त्याच्यावरचा विश्वास कमी झाला. निम्म्या जगाला लागू होणारा दोष आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सोडवणारे अपवाद, म्हणजे शेवटी बघणाऱ्याला काय हवंय त्यावरच उत्तर ठरतं. स्थळ आवडलं की अपवाद सापडतात, नाही आवडलं की सापडत नाहीत. आणि मुलाचा मंगळ "सौम्य" निघतो, मुलीचा "कडक", हे तर मी इतक्या वेळा बघितलंय की मंगळाला लिंगभेद कळतो की काय असं वाटावं.

पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली होती, 200 पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या, कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखायचं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. ही चाचणी मंगळाची नव्हती, पण पत्रिकेवरून माणसाबद्दल नक्की किती कळतं याचा अंदाज येतो.

तरी मी तुम्हाला "फेकून द्या ती पत्रिका" असं सांगणार नाही, कारण लग्न फक्त तुमचं नसतं. समोरच्या घरात कुणी मनापासून मानणारं असेल आणि त्यांना न सांगता लग्न झालं, तर पुढे घरात कुणी आजारी पडलं तरी सूनबाईचा मंगळ आठवणार. ते टाळायला सरळ मार्ग असा, की बायोडाटात लपवू नका. "मंगळ आहे, अष्टमात कर्केचा, गुरूची दृष्टी" असं एका ओळीत लिहून टाका. ज्याला कळतं तो फोन करतो, ज्याला फक्त मंगळ हा शब्द दिसतो तो करत नाही, आणि तुमचे कांदेपोहे वाचतात. वेळ दहा मिनिटं मागेपुढे करून बिनमंगळाची पत्रिका बनवून देणारेही भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, लग्नानंतर हॉस्पिटलचा कागद कधी ना कधी बाहेर येतोच.

आणि मुलगा-मुलगी एकमेकांना भेटलेत, आवडलेत, दोन्हीकडच्यांचं बोलणं झालंय आणि अडलंय फक्त इथे, तर वरचे अपवाद एका कागदावर लिहून घरातल्या मानणाऱ्या माणसाच्या हातात द्या. आमच्या धाकटीच्या सासऱ्यांना काकांनी असाच कागद दिला होता, पाठकोऱ्या पानावर, दोन कुंडल्या शेजारी शेजारी आणि खाली बाण काढून. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मग साखरपुडा कधी करायचा म्हणता?"